दोनदा दाबा, धरून ठेवू नका

मे महिन्यात डोंबिवलीला ताईकडे चार दिवस राहायला गेले होते. दुपारची जेवणं उरकली, ताई आडवी झाली आणि भाची सई टीव्हीसमोर मांडी घालून बसली. टीव्हीखाली तिचा एक्सबॉक्स सिरीज एस, हातात पांढरा कंट्रोलर. कंट्रोलरच्या मधोमध जे एक्सबॉक्सचं गोल चिन्ह असतं, त्याचा दिवा लुकलुकत होता. ती उठली, टीव्हीखाली वाकली, यंत्रावरचं एक बारीक बटण दाबलं, मग कंट्रोलरवरचं बटण दाबून धरलं, आणि दिवा स्थिर झाल्यावर परत येऊन बसली.

"मावशी, हा रोज विसरतो बघ. सकाळी फोनवर खेळले की दुपारी टीव्हीला ओळखतच नाही. टीव्हीवर खेळले की रात्री फोनला ओळखत नाही."

तिच्या म्हणण्याप्रमाणे दिवसातून तीन-चार वेळा हा उद्योग चालायचा. सुट्टी असल्यामुळे सकाळी अंथरुणातच फोनवर, दुपारी टीव्हीवर, आणि ताई मालिका लावून बसली की ताईच्याच लॅपटॉपवर. कंट्रोलर एक, यंत्रं तीन, आणि दर वेळी नव्याने ओळख करून द्यायची.

माझा नोकरीचा बराचसा काळ अशी छोटी यंत्रं एकमेकांशी जोडण्यातच गेला आहे, त्यामुळे मी तिच्याशेजारी जाऊन बसले. तिचा कंट्रोलर विसरत नव्हता. त्याला जेवढं लक्षात ठेवायची सोय दिली आहे तेवढं तो चोख लक्षात ठेवत होता, पण ती सोय कशी वापरायची हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

पेअरिंग म्हणजे नेमकं काय होतं, ते आधी पाहू. दोन यंत्रं पहिल्यांदा जोडली जातात तेव्हा ती दोन गोष्टी लिहून ठेवतात. एक, समोरच्याचा पत्ता. ब्लूटूथच्या प्रत्येक यंत्राला कारखान्यातूनच असा एक पत्ता मिळालेला असतो. दुसरी, एक गुप्त किल्ली, जी त्या दोघांनी मिळून तेवढ्या वेळी तयार केलेली असते आणि तिसऱ्या कुणाकडे नसते. पत्ता आणि किल्ली दोन्हीकडे लिहिली गेली की पेअरिंग संपलं. पुढच्या वेळी पेअरिंग करायचं नसतं, नुसतं जोडलं जायचं असतं. कंट्रोलर सुरू होतो, लिहून ठेवलेल्या पत्त्यावर हाक मारतो, समोरचं यंत्र किल्ली तपासतं आणि दार उघडतं. याला एखाद-दुसरा सेकंद लागतो.

इथे एक बारकावा फार थोड्यांना ठाऊक असतो. हाक मारण्याचं काम कंट्रोलर करतो, फोन किंवा टीव्हीखालचं यंत्र नाही. बंद असलेला कंट्रोलर झोपलेला असतो, त्याला कुणी हाक मारली तरी ऐकू येत नाही. म्हणून फोनच्या ब्लूटूथच्या यादीत कंट्रोलरचं नाव दिसतं, आपण त्यावर बोटाने टिचकी मारत राहतो, आणि काहीच होत नाही. कोणत्या पत्त्यावर हाक मारायची हे कंट्रोलरच्या पोटात ठरतं. त्या पोटात एकच पत्ता मावत असेल तर नवा लिहिताना जुना पुसला जाणार.

बरीच वर्षं कंट्रोलर असेच होते. एक जागा, एक पत्ता. नवीन ओळख झाली की जुनी गेली. फोनच्या यादीत मात्र कंट्रोलरचं नाव तसंच राहतं, कारण फोनला पन्नास नावं ठेवायला जागा असते आणि कंट्रोलरने आपल्याला पुसलं हे त्याला कळायला मार्ग नसतो. एका बाजूला नाव शिल्लक, दुसऱ्या बाजूला पत्ता पुसलेला. "पेअर झालंय असं दाखवतंय पण कनेक्ट होत नाही" या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

सईचा कंट्रोलर मात्र त्या जुन्या पिढीतला नव्हता. २०२० साली एक्सबॉक्सची सिरीज एक्स आणि सिरीज एस ही यंत्रं आली, त्यांच्यासोबत आलेला हा कंट्रोलर. त्याच्या मध्यभागी शेअरचं एक छोटं बटण असतं, त्यावरून तो ओळखता येतो. या कंट्रोलरमध्ये दोन जागा आहेत, पण त्या एकसारख्या नाहीत. एक्सबॉक्सचं यंत्र कंट्रोलरशी ब्लूटूथने बोलत नाही. त्याची स्वतःची वेगळी बिनतारी पद्धत आहे, तिला एक्सबॉक्स वायरलेस म्हणतात. फोन आणि लॅपटॉप यांच्याशी हाच कंट्रोलर ब्लूटूथने बोलतो. म्हणजे एकाच हाताच्या वस्तूला दोन भाषा येतात. प्रत्येक भाषेसाठी त्याच्याकडे एकेक पत्ता लिहायची जागा आहे. एक जागा एक्सबॉक्स वायरलेसची, एक जागा ब्लूटूथची. ब्लूटूथच्या जागेत काहीही लिहा, एक्सबॉक्सची जागा हलत नाही, आणि उलटही तसंच.

एका जागेवरून दुसरीकडे जायला पेअरिंगचं बटण पटकन दोनदा दाबायचं. बस्स, एवढंच.

हे बटण कंट्रोलरच्या वरच्या कडेला असतं. कंट्रोलर हातात धरून वरून पाहिलं तर मध्ये तार लावायची खाच दिसते, आणि तिच्या डाव्या अंगाला, डाव्या तर्जनीखालच्या लांब बटणाकडे, एक बारीक गोल बटण. तेच. सईला ते ठाऊक होतं, पण ती ते दाबून धरत होती. तीन सेकंद दाबून धरलं की कंट्रोलर समजतो, नवीन ओळख करायची आहे. पटकन दोनदा दाबलं की समजतो, ओळख जुनीच आहे, फक्त दुसऱ्या बाजूला जायचं आहे. बटण एकच, पण धरण्याचा आणि दाबण्याचा अर्थ पार वेगळा. कुठल्याही जुन्या रेडिओसारख्या वस्तूची सवय असलेला माणूस बटण धरूनच ठेवणार, त्यात सईचा दोष नव्हता.

मी तिला म्हटलं, "बटणाकडे बघू नकोस, दिव्याकडे बघ." कारण कंट्रोलरला बोलायला तोंड नाही, जे काही सांगायचं ते त्या चिन्हाच्या दिव्यातूनच. दिवा भराभर लुकलुकत असेल तर कंट्रोलर नवीन ओळख शोधतो आहे, म्हणजे पेअरिंगच्या अवस्थेत आहे. दिवा सावकाश लुकलुकत असेल तर त्याच्याकडे पत्ता आहे आणि तो त्या पत्त्यावर हाका मारतो आहे. दिवा स्थिर म्हणजे जोडलं गेलं. सावकाश लुकलुकून शेवटी विझला, तर हाक मारली पण कुणी ओ दिली नाही. हे चार प्रकार ओळखता आले की निम्मं काम झालं, कारण मग चुकतंय कुठे हे आपोआप कळतं. दोनदा दाबल्यावर दिवा भराभर लुकलुकायला लागला, तर आपलं दाबणं मंद झालं आणि दुसऱ्या वेळी बटण धरलं गेलं असं समजायचं. सावकाश लुकलुकतोय आणि विझतोय, तर समोरच्या यंत्राचं ब्लूटूथ बंद आहे, किंवा समोरच्याने आपल्याला यादीतून काढून टाकलं आहे.

मग आम्ही तिची सगळी मांडणी पहिल्यापासून लावली. ती इथे सविस्तर सांगते, कारण तीन यंत्रं आणि दोन जागा हा प्रश्न बऱ्याच घरांत पडत असणार.

पहिलं काम म्हणजे जुना पसारा साफ करणं. फोनच्या ब्लूटूथच्या यादीत कंट्रोलरचं नाव होतं, ते काढून टाकलं. ताईच्या लॅपटॉपवर विंडोजच्या सेटिंगमध्ये `Bluetooth & devices` उघडलं, तिथेही कंट्रोलरचं नाव होतं. त्याच्यासमोरचे तीन ठिपके दाबून `Remove device` केलं. ही पायरी गाळायचा मोह होतो, पण जुनी किल्ली एका बाजूला पडून राहिली की नवी ओळख करताना ती आडवी येते. फोन म्हणतो ओळखतो, कंट्रोलर म्हणतो ओळखत नाही, आणि दोघंही आपापल्या जागी खरे असतात.

दुसरं काम, एक्सबॉक्सशी ओळख. सिरीज एसच्या पुढच्या बाजूला तार लावायच्या खाचेजवळ कंट्रोलरसारखंच एक बारीक पेअरिंगचं बटण असतं. ते दाबून सोडायचं, आणि पुढच्या वीस सेकंदांत कंट्रोलरवरचं बटण दिवा भराभर लुकलुकेपर्यंत धरायचं. दिवा स्थिर झाला. एक्सबॉक्सची जागा भरली.

तिसरं, फोन. कंट्रोलर चालू असतानाच त्याचं बटण पुन्हा तीन सेकंद धरलं, दिवा भराभर लुकलुकायला लागला, सईने फोनच्या ब्लूटूथमध्ये नवीन यंत्र शोधलं, `Xbox Wireless Controller` हे नाव आलं, त्यावर बोट ठेवलं. दिवा स्थिर. ब्लूटूथची जागाही भरली.

आता खरी परीक्षा. बटण पटकन दोनदा दाबलं. दिवा एक-दोनदा लुकलुकला आणि स्थिर झाला, टीव्हीवर एक्सबॉक्सचा पडदा सईच्या अंगठ्याबरोबर हलू लागला. पुन्हा दोनदा. फोनवर खेळाची यादी सरकायला लागली. तिने सात-आठ वेळा इकडून तिकडे उड्या मारून पाहिल्या. मग कंट्रोलर बंद केला, एक्सबॉक्सचं चिन्ह दाबून धरलं की पाच-दहा सेकंदांत तो विझतो, आणि परत सुरू केला. शेवटी ज्या बाजूला होता त्याच बाजूला तो परत गेला. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. रात्री फोनवर खेळून कंट्रोलर ठेवून दिला असेल तर सकाळी चिन्ह दाबल्यावर तो फोनलाच हाक मारणार, टीव्हीखालचं यंत्र जागं होणार नाही. आधी कंट्रोलर सुरू करायचा, दोनदा दाबून बाजू बदलायची, मग चिन्ह दाबायचं.

"आणि आईचा लॅपटॉप?" सईने विचारलं.

इथे खरी अडचण होती, आणि तिच्या रोजच्या त्रासाचं अर्धं कारणही इथेच होतं. फोन ब्लूटूथ, लॅपटॉपही ब्लूटूथ, आणि ब्लूटूथची जागा एकच. लॅपटॉपशी ओळख केली की फोन पुसला जाणार, फोनशी केली की लॅपटॉप. दोनदा दाबण्याने यातून सुटका नाही, कारण ते दाबणं फक्त दोन भाषांमध्ये फिरवतं, एका भाषेतल्या दोन पत्त्यांमध्ये नाही. एक्सबॉक्सची एक छोटी काडीही मिळते. ती लॅपटॉपला लावली की लॅपटॉपला एक्सबॉक्स वायरलेस ही भाषा येते. तिचा उपयोग होईल असं वाटतं, पण सईच्या बाबतीत होणार नव्हता. त्या काडीशी ओळख केली की ती कंट्रोलरमधली एक्सबॉक्सची जागा घेते, आणि मग टीव्हीखालचं यंत्र पुसलं जातं. काडीचा फायदा त्यांना, ज्यांच्याकडे एक्सबॉक्सचं यंत्र नाही, फक्त लॅपटॉप आणि फोन आहे. त्यांच्या दोन्ही जागा नीट भरतात.

सईसाठी उत्तर साधं होतं: तार. कंट्रोलर लॅपटॉपला तारेने लावला की तो बिनतारी बोलणं थांबवतो आणि सगळं तारेतून जातं. तारेने लॅपटॉपला लावल्याने कंट्रोलरच्या दोन्हींपैकी कुठलीही जागा पुसली जात नाही. तार काढली की फोन आणि टीव्ही दोन्ही ओळखी जशाच्या तशा. म्हणजे तार ही तिसरी जागाच आहे, आणि तिला काही लक्षात ठेवावं लागत नाही.

फक्त तार चांगली हवी. ताईने ड्रॉवरमधून जी पहिली तार काढली ती कुठल्यातरी जुन्या चार्जरबरोबर आलेली होती. ती लावली, पण लॅपटॉपने कंट्रोलर ओळखला नाही. ती नुसती चार्जिंगची तार निघाली. अशा तारेत वीज नेणारे धागे असतात, माहिती नेणारे नसतात. बाहेरून दोन्ही तारा सारख्याच दिसतात. तपासायचं असेल तर त्याच तारेने फोन लॅपटॉपला लावून बघा. फोनमधले फोटो लॅपटॉपवर दिसले तर तार माहिती नेते. सईच्या फोनची तार तशी होती, ती लावल्याबरोबर लॅपटॉपने कंट्रोलर ओळखला. तारेच्या टोकाला आम्ही लाल दोरा बांधून ठेवला, नाहीतर घरातल्या दहा तारांमध्ये ती परत हरवली असती.

दुसऱ्या दिवशी सई कंट्रोलर घेऊन मैत्रिणीकडे गेली. दोघींनी दोन कंट्रोलरवर खेळायचं होतं. संध्याकाळी परत आली आणि म्हणाली, "मावशी, परत विसरला." मी विचारलं, तिकडे तारेने लावला होतास का? लावला होता, मैत्रिणीच्या एक्सबॉक्सला. एक्सबॉक्सच्या यंत्राला तारेने लावून चिन्ह दाबलं की त्याच्याशी पेअरिंग होतं, ही सोयच आहे, आणि नेहमी कामाची. पण मैत्रिणीच्या यंत्राला लावलं तर कंट्रोलरच्या एक्सबॉक्सच्या जागेत मैत्रिणीच्या घरचा पत्ता लिहिला जातो. लॅपटॉपची तार निरुपद्रवी, एक्सबॉक्सची तार मात्र ओळख बदलणारी. घरी आल्यावर सिरीज एसवरचं बटण दाबून सोडलं, वीस सेकंदांत कंट्रोलरचं धरलं, झालं. फोनची जागा या सगळ्यात जागेवरच होती, ती पुन्हा भरावी लागली नाही. सईला आता हे आधीच कळलं असतं तर तिने मैत्रिणीकडेही तारेशिवाय बटणानेच ओळख केली असती का? नाही, तरी तेच झालं असतं. दुसऱ्याच्या एक्सबॉक्सवर खेळलं की घरी येऊन एकदा ओळख करावी लागणारच. ती जागा एकच आहे.

तुमच्याकडचा कंट्रोलर हे सगळं करू शकतो का, हे कसं ओळखायचं? २०१३ साली पहिला एक्सबॉक्स वन आला तेव्हाच्या कंट्रोलरमध्ये ब्लूटूथ नव्हतंच. २०१६ मध्ये एक्सबॉक्स वन एसबरोबर जो कंट्रोलर आला त्यात ब्लूटूथ आलं. दोघांत फरक बघायचा तो एक्सबॉक्सच्या चिन्हाभोवतीच्या प्लॅस्टिकमध्ये. चिन्ह कंट्रोलरच्या पुढच्या मोठ्या भागातच बसवलेलं असेल, म्हणजे त्याच्याभोवतीचा रंग आणि पोत बाकीच्या चेहऱ्यासारखाच असेल, तर ब्लूटूथ आहे. चिन्हाभोवतीचा पट्टा वरच्या दोन लांब बटणांच्या तुकड्यातून खाली उतरलेला, चकचकीत आणि वेगळा दिसत असेल, तर ब्लूटूथ नाही, आणि त्या कंट्रोलरला फोनशी बोलताच येणार नाही. जुन्या वस्तूंच्या बाजारात हे दोन्ही कंट्रोलर शेजारी शेजारी ठेवलेले असतात, आणि विकणाऱ्याला बहुतेक वेळा फरक माहीत नसतो. घेण्याआधी चिन्हाभोवती बोट फिरवून बघायला विसरू नका.

२०१६ च्या प्रकाराला दोन जागांची सोय सुरुवातीला नव्हती. २०२१ च्या सुमारास कंट्रोलरच्या आतल्या सॉफ्टवेअरचं अपडेट आलं आणि ती सोय या जुन्या ब्लूटूथवाल्यांनाही मिळाली. त्याच अपडेटने ब्लूटूथची पद्धतही नवी झाली, तिला ब्लूटूथ लो एनर्जी म्हणतात. त्यामुळे अपडेट केल्यावर फोनमधलं आणि लॅपटॉपमधलं कंट्रोलरचं जुनं नाव काढून नव्याने ओळख करावी लागते. अपडेट करायला एक्सबॉक्स यंत्रावर किंवा विंडोजवर `Xbox Accessories` हे ॲप आहे. कंट्रोलर तारेने लावायचा, ॲप उघडायचं, नवीन काही असेल तर ते स्वतःच सांगतं. आपला कंट्रोलर ब्लूटूथवाला आहे आणि तरी दोनदा दाबून काही होत नाही, तर पहिला संशय या अपडेटवर घ्यावा.

प्लेस्टेशनवाल्यांची गोष्ट थोडी वेगळी, आणि सध्या त्यांच्या बाजूने जास्त चांगली. पीएस फाइव्हचा ड्युअलसेन्स कंट्रोलर यंत्राशी आणि फोनशी दोन्हीकडे ब्लूटूथनेच बोलतो. त्याला दुसरी भाषाच नाही, आणि पहिली काही वर्षं जागाही एकच होती. फोनशी ओळख केली की पीएस फाइव्ह पुसलं जायचं, आणि परत यायचं तर तारेने पीएस फाइव्हला लावून पीएस बटण दाबायचं. ही तार म्हणजे त्यांच्याकडची पेअरिंगची जुनी रीत आहे, तारेतूनच यंत्र आपला पत्ता कंट्रोलरमध्ये लिहून टाकतं. लॅपटॉपला तारेने लावलं तर मात्र इथेही काही पुसलं जात नाही, म्हणून बरेच जण पीसीवर तारेनेच खेळत.

२०२५ मध्ये सोनीने अपडेट देऊन ड्युअलसेन्सला चार जागा दिल्या. चार जागांना चार बटणं, त्रिकोण, गोल, फुली आणि चौकोन. कंट्रोलर बंद असताना पीएस बटण आणि त्यांतलं एक बटण एकदम पाच सेकंदांहून जास्त धरलं की त्या जागेसाठी ओळख सुरू होते, आणि दिवे दोनदा लुकलुकून तसं सांगतात. मग फोनच्या किंवा लॅपटॉपच्या ब्लूटूथमध्ये नाव शोधायचं. पुढे त्या यंत्राकडे जायचं असेल तेव्हा तीच दोन बटणं तीन सेकंदांच्या वर धरायची. धरण्याच्या वेळेतला हा फरक बेताचाच आहे, त्यामुळे दिव्यांनी उत्तर दिलं की लगेच बोटं काढायची सवय लावलेली बरी. फोन, लॅपटॉप, पीएस फाइव्ह आणि वर एक मैत्रिणीचं यंत्र, सगळं मावतं. सईने हे ऐकल्यावर थोडं वाईट वाटून घेतलं.

यासाठी यंत्र आणि कंट्रोलर दोघांचीही अपडेट झालेली हवी. पीएस फाइव्हवर कंट्रोलर तारेने लावून सेटिंगमध्ये ॲक्सेसरीजच्या भागात ते करता येतं, आणि विंडोजसाठी `PlayStation Accessories` हे वेगळं ॲप आहे. कुठलं बटण कुठल्या यंत्राला दिलं हे मात्र स्वतः लिहून ठेवा. घरात दोन माणसं एकच कंट्रोलर वापरत असतील तर एकाने त्रिकोण फोनला दिला आणि दुसऱ्याने त्यावरच आपला लॅपटॉप लिहिला, की मागचा सगळा घोळ पुन्हा सुरू.

निन्टेन्डो स्विचच्या प्रो कंट्रोलरला अजून एकच जागा आहे. पीसीशी ब्लूटूथने ओळख केली की स्विच पुसला जातो, आणि परतीचा सोपा मार्ग म्हणजे स्विच ज्या डॉकमध्ये ठेवतो त्याला कंट्रोलर तारेने लावायचा. ज्यांना तो दोन्हीकडे वापरायचा आहे त्यांनी पीसीसाठी तार ठेवावी.

एक मर्यादा सईला दुसऱ्याच रात्री भेटली. तिने कंट्रोलरच्या खालच्या खाचेत हेडफोन लावला आणि फोनवर खेळायला बसली, पण आवाज आला नाही. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरमधली ती खाच यंत्राबरोबर, एक्सबॉक्स वायरलेसवर, चालते. ब्लूटूथवर कंट्रोलर फक्त बटणांची माहिती पाठवतो, आवाज नेत नाही. फोनवर खेळताना हेडफोन फोनलाच जोडायचा.

निघायच्या दिवशी ताईने कंट्रोलरच्या मागच्या झाकणावर, पेन्सिल सेलच्या खाचेवर, एक छोटा पांढरा चिकटकागद लावला आणि बॉलपेनने तीन ओळी लिहिल्या. दोनदा = टीव्ही किंवा फोन. लाल दोरा = लॅपटॉप. धरू नकोस. सई म्हणाली, "आई, शेवटची ओळ सगळ्यात वर लिही." ताईने कागद उपटून नवीन लिहिला.